सुकेशनी मॅडमचा कान

जिंतूरच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे सगळे नियम घोकून घेतात. मीही त्यातलीच. विशेषणांचा क्रमच घ्या: आधी आपलं मत, मग आकार, मग वय, मग रंग आणि शेवटी वस्तू कशाची केलीय ते. पोरं पाढ्यासारखं म्हणतात आणि पेपरात विसरतात.

सुकेशनी मॅडम नियम फळ्यावर लिहीतच नसत. आधी मराठीत म्हणून बघायला लावायच्या, "सुंदर जुनं लाकडी टेबल." मग, "लाकडी जुनं सुंदर टेबल." पोरं हसायची.

"का हसायलाव? लाकूड टेबलाच्या अंगातच हाय, म्हणून ते त्याला चिकटून बसतं. सुंदर हे आपलं म्हणणं. ते लांब उभं राहतं. इंग्रजीतबी तसंच."

दिवाळीनंतर त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हात सुधारला, बोलणंही परत आलं. आता त्यांना फक्त दहावीचा वर्ग परत हवा होता. मुख्याध्यापक भगवानराव म्हणाले, परभणीला तपासून या. मी सोबत गेले.

तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवली, शब्द विचारले. मॅडमना सगळं आलं. मग मीच आगाऊपणा केला. म्हटलं, त्यांचं टेबल विचारा की! मी सांगितली तशी बाईंनी दोन्ही वाक्यं म्हटली आणि विचारलं, "यातलं कोणतं बरोबर वाटतं?"

"दोन्ही."

मला वाटलं चेष्टा करायल्यात. मी हसले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि हळूच म्हणाल्या, "पहिलं."

बाई म्हणाल्या, असं क्वचित होतं. शब्द राहतात, अर्थ राहतो, कोणता आधी कोणता नंतर ही जाण तेवढी जाते. परत येईल का, ते त्यांना सांगता येईना. शिकवायला मात्र हरकत नव्हती.

मॅडम वर्गावर गेल्या. मी मागच्या बाकावर बसले होते. ओमप्रकाश नावाच्या पोरानं फळ्यावर इंग्रजीत "लाकडी मोठी छान पेटी" असं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "बरोबर." कुणी हसलं नाही. पोरांनी खाली माना घातल्या. हसले असते तर बरं झालं असतं, मेले. मॅडमनी वर्गभर नजर फिरवली, बोटं मोजली आणि फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच भगवानरावांना सांगून तो वर्ग मला दिला. मी चिडले. रडूही आलं. "नियम तर येतो ना मॅडम तुम्हाला! आम्ही काय वेगळं करतो?"

"तुमाला चुकलं की कळतं," त्या म्हणाल्या. "खरं सांग, चुकलेलं कानावर पडलं की कसं वाटतं गं?"

"खटकतं."

"मला आता कायच खटकत न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरं काहीबी म्हणाली तरी मला गोडच लागतं."