मास्तर म्हणे

माझा स्वभाव तापट. तोंडाने फटकळ, आणि त्यात शिकलेला, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला! हे आता हसत सांगतो, पण या स्वभावाने एकदा आमच्या घरातलं गाणं बंद पाडलं होतं. त्याचीच ही हकिगत.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी नशिराबादेत लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. आमचं गाव तिथून पायी तासाभरावर. घरी माय, आबा आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. केळी-कपाशीचं जेमतेम रान, अक्षरओळख सहीपुरती, पण गावच्या भजनी मंडळाचा वीणा त्यांच्या गळ्यात. शे-दोनशे अभंग तोंडपाठ. पहाटे मोट धरताना गायचे, जेवून हात धुताना गायचे. माय म्हणायची, "या मानसाले झोपेतबी चाल सुचते." आमच्या घराला घड्याळ नव्हतं, आबांचं गाणं होतं.

मलाही अभंग रचायची हौस होती. लहान अभंगाची रीत मला ठाऊक होती: एका चरणात आठ अक्षरं, दुसऱ्यात आठ, दोन्हींच्या शेवटी यमक. जोडाक्षर एकच धरायचं. असं एकेक कडवं जोडत जायचं आणि शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायचं, ती त्याची मुद्रा. मी बोटांवर अक्षरं मोजून एक अभंग नम्रतेवर केला आणि आबांना ऐकवला. सुरुवात होती, 'नम्रता हे आभूषण'. अक्षरं चोख आठ.

आबा केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीची, दोरी वळत होते. म्हणाले, "हे आभूषण घरात कुठी ठेवलं हाये? मले दाखव."

"आबा, ती वस्तू नाही, गुण आहे."

"गुन हाये तं कोनाच्या तरी अंगी दिसंल ना? जा, घर पाहून ये. जे वाकलेलं दिसंल ते सांग."

मी चिडलो. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्या माणसाला घर पाहून ये म्हणतात! पण गेलो. दाराआड केरसुणी होती. उंबरठ्यावर मायचा पाय पडत होता. विहिरीवर शेजारची अक्का घागर बुडवत होती. ती घागर आधी आडवी केली, तेव्हा कुठे तिच्यात पाणी शिरलं. रोज पाहत होतो, पण दिसलं त्या दिवशी.

मग आठवडाभर आम्ही दोघांनी तो अभंग घडवला. मी ओळ करायचो, आबा मांडीवर ठेका धरून म्हणून बघायचे. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा आणि चरणाची आठ अक्षरं, एका मात्रेला एक अक्षर. एखादं अक्षर जास्त झालं की त्यांचा हात थबकायचा. "हे बाहीर सांडलं रे," म्हणायचे. मी पुस्तकी शब्द आणला की नाक मुरडायचे. "हा शब्द मायले समजंल का? नाई ना? मंग देवाले कशाला तरास देतो?" शेवटी अभंग असा उभा राहिला:

घागर ती वाके जेव्हा ।
पाणी तीत शिरे तेव्हा ॥

भरे घड, केळ लवे ।
रिते ताठच मिरवे ॥

उंबरठा पाय सोसे ।
घर त्याच्या मागे वसे ॥

केरसुणी घर झाडी ।
उभी राहे दाराआडी ॥

घागरीचं कडवं आम्ही ध्रुपद ठरवलं. म्हणजे दर कडव्यानंतर टाळकऱ्यांनी ते पुन्हा उचलायचं. राहिली मुद्रा. ती मी एकट्याने केली, आबांना न विचारता:

मास्तर म्हणे जी देवा ।
मज वाकणे शिकवा ॥

आबांनी ती ऐकली, मांडीवरचा हात उचलला आणि म्हणाले, "बरं हाये." एवढंच. मी त्याला शाबासकी समजलो. खरं सांगायचं तर 'मास्तर' हा शब्द कागदावर लिहिताना मला जी गुदगुली झाली, ती वरच्या चारही कडव्यांनी झाली नव्हती. गावात पहिला मास्तर मीच ना!

त्या वर्षी माघात गावात सप्ताह बसला. सात दिवस देवळात वीणा खाली ठेवायचा नाही, हा नेम. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायचा, पहाऱ्यापहाऱ्याने. आणि देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. त्यात वय, जात, नातं पाहायचं नाही. गळ्यात वीणा आला की तो माणूस नमस्काराचा धनी.

सातव्या दिवशी सकाळी, काल्याच्या कीर्तनाआधी, आबांनी माझा अभंग घेतला. देऊळ भरलं होतं. पंचक्रोशीतली माणसं, शाळेतले इतर मास्तरसुद्धा आले होते. दोन्ही बाजूंना टाळकरी, मृदंगावर धुळ्याकडून आमच्या गावी येऊन राहिलेला सुतार, मधोमध आबा. मी टाळकऱ्यांत पहिला. आबांनी ध्रुपद धरलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझे शब्द त्या गळ्यात गेले आणि मोठे झाले. उंबरठ्याच्या कडव्याला बायकांच्या बाजूने कुणीतरी "अगं माय!" म्हणालं.

मग मुद्रा आली. आबांनी डोळे मिटले आणि म्हटलं, "लेकरू म्हणे जी देवा..."

आणि मी ओरडलो, "मास्तर! आबा, मास्तर म्हणे!"

टाळ थांबले. मृदंग थांबला. भर सप्ताहात, चालू अभंगात! आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. पाठ चुकलेलं पोर मास्तरांकडे पाहतं तसं. मग त्यांनी वीणा गळ्यातून काढला, माझ्या गळ्यात घातला, आणि रीतीप्रमाणे खाली वाकून माझ्या पायांना हात लावला.

माझा बाप माझ्या पाया पडला. सगळं गाव पाहत होतं. मीही वाकायला हवं होतं, वाकलोही, पण तोवर ते मागे वळले होते. चालत दाराशी गेले आणि चपला-जोड्यांच्या शेजारी बसले. वीणा खाली ठेवता येत नाही, म्हणून मी तो धरून उभा राहिलो. आणि निलाजरेपणा असा, की अभंग पुरा केला. 'मास्तर म्हणे जी देवा, मज वाकणे शिकवा.' अक्षरं चोख आठ.

काला झाल्यावर मृदंगाचं शाईचं अंग पुसता पुसता सुतार माझ्याशी त्याच्या बोलीत बोलला, "मास्तर, चूक शब्दनी नई शे. बठ्ठा गावना समोर आबाले तुम्ही थांबाडं, ती चूक शे." मग मराठीत समजावून सांगितलं, की चूक शब्दाची नाही, सगळ्या गावासमोर आबांना थांबवलं त्याची आहे. भजनात म्हणणारा चुकला तर त्याला कुणी चुकला म्हणत नाही. शेजारच्याने खरा शब्द हळूच खालच्या आवाजात धरायचा, त्याने तो ऐकून उचलायचा. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. हे पाच वर्षांच्या टाळकऱ्यालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी मला देव नको होता, सूर नको होता, माझं नाव हवं होतं.

त्या दिवसापासून आबांचं गाणं बंद झालं. मोटेवर नाही, जेवणावर नाही. मंडळाचा वीणा माझ्याकडे आला. मी दहा वेळा माफी मागितली.

"मी कुठी रागावलो?" ते म्हणत. "तू बरोबर होता. लिहिलेलं मास्तर हाये. मले आता ध्यानात राहत नाई. म्हातारा झालो. अजून कुठी चुकलो तं गावात तुहीच लाज जाईन."

यापेक्षा मला रागावलेले आबा परवडले असते. माणूस साठीचा, शे-दोनशे अभंग पाठ, आणि माझ्या एका ओरडण्याने त्याचा स्वतःच्या तोंडावरचा भरवसाच उडाला! एकदा मी विचारलं, "पण लेकरू का म्हणालात?" तर म्हणाले, "तोंडात तेच आलं." माय चुलीपाशी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घर मुकं केलं रे तू." मला रडू आवरेना. मी गोठ्यात जाऊन रडलो, मास्तर असून.

वर्ष गेलं. पुन्हा माघ, पुन्हा सप्ताह. आबा रोज देवळात यायचे, पण दाराशी बसायचे. आल्यागेल्याच्या चपला सरळ लावायचे. टाळसुद्धा धरत नसत. शेवटच्या दिवशी सकाळी टाळकऱ्यांनीच आग्रह केला, मास्तर, तुमचा अभंग होऊ द्या. गावाला तो आवडला होता. मी नाही म्हणालो, पण सुताराने ठेका धरलासुद्धा.

घागर झाली, केळ झाली, उंबरठा झाला, केरसुणी झाली. ध्रुपद फिरून आलं आणि मुद्रेशी मी अडलो. 'मास्तर' हा शब्द तोंडातून निघेना. विसरलो नव्हतो. टाळकऱ्यांनी ध्रुपद पुन्हा फिरवलं, मला वेळ दिला. घागर ती वाके जेव्हा. तिसऱ्यांदा फिरवलं. आता देवळातल्या माणसांना कळायला लागलं होतं. सुतार माझ्याकडे बघत ठेका सांभाळत होता.

तेवढ्यात दाराकडून, अगदी खालच्या सुरात, जेमतेम माझ्यापर्यंत पोचेल एवढा आवाज आला, "लेकरू म्हणे जी देवा..."

वर्षभराने ऐकला तो आवाज. जरा फाटला होता, पण ठेक्याला धरून होता. मी तो शब्द उचलला. "लेकरू म्हणे जी देवा, मज वाकणे शिकवा." मोठ्याने म्हटलं, जसा दिला तसा. मग टाळकऱ्यांतून वाट काढत वीण्यासकट दाराशी गेलो. चपलांच्या रांगेत गुडघे टेकले, आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला.

"थांबला कशाले?" ते म्हणाले. "म्हन पुढं."

"पुढं काही नाही आबा. संपला."

"मंग पहिल्यापासून म्हन."

मी वीणा त्यांच्या गळ्यात घातला. आबा भिंतीला धरून उठले, आणि ध्रुपद त्यांनीच उचललं.