जोत्यातली विहीर

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वेळच्या दुष्काळात निलंग्याजवळच्या आमच्या गावाला शाळा मंजूर झाली. काम गावच्याच शिवमूर्तीअप्पांनी घेतलं. अंदाजपत्रकात तीन टप्पे होते: जोतं, भिंती, स्लॅब. टप्पा पुरा झाल्यावरच त्याचा हप्ता.

जोत्याचे दगड चढवून अप्पांनी मोजमापाला इंजिनियरसाहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "आत भराव कुठाय? मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकल्याशिवाय जोतं पुरं धरता येत नाही."

बरोबरच होतं ते. पण मुरूम आणायला अप्पांकडं गाडीभाडं उरलं नव्हतं, आणि पाणी तर प्यायलाही नव्हतं. हॉटेलात बसणारे म्हणाले, "अप्पा बुडाला!" त्या जिभांचा मला अजून संताप येतो.

गाव तेव्हा आटलेली विहीर खोल करत होतं. अप्पा काठावर जाऊन ओरडले, "मुरूम बांधावर फेकता कशाला? शाळंत टाका की!"

टोपल्या शाळेकडं वळल्या. जोतं भरत आलं आणि विहिरीला झरा लागला. पिऊन उरलेलं पाणी भरावावर मारून गावानं धुमस चालवला. साहेबांनी मापं घेतली, हप्ता सुटला, भिंती उठल्या.

स्लॅब टाकून झाला त्या दिवशी अप्पा वरून हॉटेलाकडं बघून गरजले, "बुडालो न्हाई रे! इहीर पायाखाली घिऊन हुभा हाय!"