रुंद पावलांचे एकेचाळीस बूट

आमच्या ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणतात. शॉपिंग साइटवरचा शोध नीट चालतो का, हे तपासायचं तिचं काम. खुर्चीत ती धड टिकत नाही. एक पाय सतत हलत असतो आणि मी तिच्याच टेबलाला चिकटून बसतो, त्यामुळे माझा चहा हिंदकळतो. मी रोज वैतागतो, पण जागा काही बदलून मागत नाही.

त्या आठवड्यात तर तिने उच्छाद मांडला होता. तिची थोरली बहीण सुजलेल्या किंवा रुंद पावलांसाठी बूट शिवते आणि आमच्याच साइटवर विकते. महिनाभरात तिचा एकही जोड गेला नव्हता. लोकांना माझे बूट नकोच आहेत, असं म्हणत ताईने हाय खाल्ली आणि शिलाईचं मशीन विकायला काढलं. बहिणीच्या काळजीने भिंगरीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिने साइटवर 'बूट' शोधले आणि 'रुंद पाऊल' हा फिल्टर लावला. फिल्टरपुढे कंसात एकेचाळीस होतं, उघडल्यावर दिसले तीन. त्यांत ताईचा नव्हता.

मग ती या फरकाच्या हात धुऊन मागे लागली आणि कारण शोधून काढलं. साइट वेगवान व्हावी म्हणून गेल्या महिन्यात एक बदल झाला होता. आधी खपानुसार वरचे हजार बूट निवडायचे, मग त्या हजारांतच फिल्टर लावायचा. कंसातला आकडा मात्र सगळ्या मालातून मोजला जाई. रुंद बूट मुळात कमी खपणारे, ते हजारात येणार कुठून? आणि दिसतच नाहीत म्हटल्यावर खपणार कसे?

साहेबांनी ऐकून घेतलं आणि कंसातला आकडाच काढून टाका म्हणाले, म्हणजे तक्रारच नको. मला हसू आलं, तिला नाही. न दिसणाऱ्या बुटांत आपल्या बहिणीचाही माल आहे, हे तिने सांगून टाकलं. मग आधी सगळ्या मालाला फिल्टर आणि नंतर क्रम, असं करून पान किती मंदावतं ते मोजून दाखवलं. फरक डोळ्याला कळत नव्हता. साहेब कुरकुरत हो म्हणाले.

बदल झाल्यावर एकेचाळीसच्या एकेचाळीस बूट दिसले. ताईचा अगदी शेवटी.

तेवढ्यात ताईचाच फोन आला. थोडा वर सरकव, म्हणून ती विनवत होती. क्रम खपावर ठरतो, नात्यावर नाही, असं भिंगरीने सांगितलं.

"मशीन न्यायला माणूस दारात उभा आहे," ताई म्हणाली. "त्याला काय सांगू?"

भिंगरीचा पाय थांबला. मला भीतीच वाटली.

"परत पाठव त्याला."

बूट खपेल की नाही, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? तिने फोन ठेवला आणि पाय पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात. मी गुपचूप कप उचलून हातात धरला.