कडूबाचा डावा घोटा

आष्टीच्या बाजारात मी मापाडी आहे. माल काट्यावर येतो, मी वजन सांगतो आणि लिहितो. हमालांशी माझं फारसं पटत नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. त्यांना घाई असते, मला नसते. पण कडूबाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी त्याच्या अंगावर धावून जातो, आणि त्याला कारण आहे.

कडूबा बद्रीनाथ मुकादमाच्या टोळीतला. आठ जणांची टोळी, त्यात फळीवर सगळ्यात तरबेज माणूस हाच. ट्रक भरायचा म्हणजे जमिनीपासून ट्रकाच्या कडेपर्यंत लाकडी फळी टेकवतात आणि पाठीवर कट्टा, म्हणजे धान्याचं पोतं, घेऊन एकामागे एक चढतात. वाकलेल्या माणसाला पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात. म्हणून टोळीचा कायदा असा, की फळीवर थांबायचं नाही. पुढचा थांबला तर मागचा त्याच्यावर आदळतो. कडूबा चढायचा तेव्हा मागच्याला फळी हलल्याचंसुद्धा कळत नसे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात फळीवरून उतरताना त्याचा डावा पाय खड्ड्यात गेला आणि तळवा आतल्या बाजूला वळला. घोटा सुजून वांग्यासारखा झाला. टोळीनं त्याला उचलून घरी नेलं. आमच्याकडे टोळीतला माणूस दुखावला की त्याला कुणी काढत नाही. त्याच्या वाटचं ओझं बाकीचे वाहतात आणि त्याला कट्ट्यांची तोंडं शिवायला बसवतात. चांगली रीत आहे, मी नावं ठेवत नाही. पण तिनंच कडूबाचा घात केला. महिनाभर त्याला जागचं हलू दिलं नाही. बायको नंदाबाईनं रोज तेल चोळलं, वर चिंधी करकचून बांधली. सूज उतरली आणि तो पुन्हा फळीवर चढला. दिवाळीत पाय परत मुरगळला. परत महिनाभर शिलाई, परत तेल. मार्चमध्ये तिसऱ्यांदा.

त्यानंतर पाय दुखेना, पण दगा देऊ लागला. चांगल्या सपाट रस्त्यावर चालता चालता घोटा मधेच लचकायचा. कडूबा खाली बघत चालू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, चप्पल झिजलीय. मी त्याला नव्या चपलेतही लचकताना पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. सप्टेंबरात मीच त्याला धरून जालन्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत होतं. मग त्यांनी एका हातानं नडगी धरली, दुसऱ्या हातानं टाच धरून पाऊल पुढं ओढलं. उजवं पाऊल जागचं हललं नाही. डावं सरकलं, मलासुद्धा दिसलं. ते म्हणाले, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे, हाडं जोडून धरणारे बंध पुन्हा पुन्हा ताणून ढिले पडलेत. पण नुसता ढिलेपणा नाही. पाऊल वाकडं पडायला लागलं की त्याची खबर आतून मेंदूकडं जाते आणि बाहेरचे स्नायू झटकन आवळून त्याला सावरतात. तुमच्या पायाची ती खबरच उशिरा जाते, आणि बसून बसून स्नायूही कमजोर झालेत. तीन महिने तोल सांभाळायचा आणि ताकदीचा व्यायाम करा. चालताना, काम करताना घोट्याला लेस आवळायचा पट्टा लावा, वर बूट घाला. फळीवर तोवर चढायचं नाही. एवढं करूनही पाय दगा देत राहिला तर मग ऑपरेशनचं बोलू.

बाहेर आल्यावर कडूबा माझ्यावरच तापला. "एका पायावर उभं राहायला सांगितलं, भाऊ. हे काय औषध झालं?"

तरी तो परतूरला आकांक्षा मॅडमकडे गेला. त्या फिजिओथेरपिस्ट. त्यांनी रबरी पट्टीत पाऊल अडकवून बाहेरच्या बाजूला ओढायला शिकवलं, टाचा उचलायला लावल्या, एका पायावर तीस आकडे उभं राहायला सांगितलं. ते जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या पोत्यावर.

एकदा सकाळी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो पोत्यावर डाव्या पायावर उभा होता. डोळे मिटलेले, तीस आकडे बिनचूक. पण त्याच्या उजव्या हाताचं एक बोट भिंतीला टेकलेलं होतं. मी ते पाहिलं. नंदाबाई कौतुकानं बघत होती, म्हणून मी काही बोललो नाही. एका बोटानं काय होतंय, असं मनात आलं. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

ऑक्टोबर उजाडला आणि सोयाबीन आलं. यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. एका दुपारी टोळीतले दोघे तापानं घरी, ट्रक उभा, आभाळ भरून आलेलं, माल उघड्यावर. कडूबा शिलाईची सुई ठेवून उठला. बद्रीनाथ म्हणाला, तू बस. कडूबा म्हणाला, दीड महिना झाला, पाय बराबर झालाय. आम्हा सगळ्यांना ते ऐकायचंच होतं. पट्टा घरी राहिला होता. तो अनवाणी चढला.

पहिल्या चार खेपा नीट गेल्या. मी वजन लिहायचं सोडून त्याच्या पायाकडं बघत होतो. पाचव्या खेपेला तो फळीच्या वरच्या टोकाजवळ होता. मागं भारत होता, तिशीतला गडी, दोन लेकरांचा बाप. कडूबाचा डावा पाय पडला आणि तळवा आत वळला. पाठीवरचा कट्टा मागं निसटला आणि भारतच्या कट्ट्यावर आदळला. भारत ओझ्यासकट फळीच्या बाजूनं खाली गेला. खाली टेकवलेला त्याचा हात अंगाखाली आला. हाड मोडल्याचा आवाज मी काट्याजवळ ऐकला. कडूबा ट्रकाची कड धरून लोंबकळत होता.

भारतच्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर घातलं. कट्टा मानेवर पडला असता तर काय झालं असतं, ते कुणी बोललं नाही. कुणीच काही बोललं नाही आणि तेच कडूबाला सहन होईना. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं बद्रीनाथला सांगितलं, माझं नाव काढा. बद्रीनाथनं नाव काढलं नाही, आणि कडूबा बाजारात येईनासा झाला.

चौथ्या दिवशी तो माझ्या दारात आला. म्हणाला, जालन्याला चला, ऑपरेशन करून टाकू.

डॉक्टरांपुढे तो हटूनच बसला. "कापा साहेब. ढिलं झालंय ते आवळून टाका. माझ्यापायी दुसऱ्याचं हाड मोडलंय."

डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. घोट्याच्या आतली, हाडावरची मऊ कूर्चाही दुखावलीय का बघायला एमआरआय करवला. कूर्चा ठीक होती, बंध जुने फाटून लांबट जुळलेले होते. मग त्यांनी सांगितलं, ऑपरेशन आहे. ढिला बंध आखडून हाडाला परत शिवतात. त्यानंतर सहा आठवडे प्लास्टर आणि आधाराचा बूट, मग पुन्हा हाच व्यायाम, आणि पाठीवर ओझं घ्यायला पाच-सहा महिने. "व्यायामातून सुटका त्यातही नाही," ते म्हणाले. "तुम्ही निम्मा वेळ केलाय. पूर्ण करून हरलात तर मी स्वतः तारीख देईन."

येताना परतूरला उतरलो. आकांक्षा मॅडमनी त्याला पोत्यावर उभं केलं. त्याचं बोट आपसूक भिंतीकडं गेलं.

"बोट काढा, कडूबादादा."

त्यानं बोट काढलं, डोळे मिटले आणि दोन आकड्यांत त्याचा दुसरा पाय टेकला. पुन्हा केलं, पुन्हा दोन. दीड महिना त्याचा घोटा काही शिकलाच नव्हता, सगळी खबर बोटातून जात होती. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आज पहिला दिवस धरू. भिंतीला टेकलेलं बोट मी आधीच पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो, हे मी त्याला एसटीत सांगितलं. तो म्हणाला, "आता रोज सकाळी या. मी टेकलो की शिव्या घाला." शिव्यांचं काम मला जमतं.

तीन महिने मी रोज गेलो. अंगणाच्या मधोमध, जिथं हात टेकायला काहीच नाही, तिथं तो उभा राहायचा. दोन आकडे, चार, नऊ. घोटा थरथरायचा, घाम यायचा. मग एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढं, बाजूला, मागं लांबवणं. पुढं एका पायावर आडव्या उड्या. शेवटी पट्टा आणि बूट घालून, पाठीवर आधी दहा किलो, मग वीस, जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून. नोव्हेंबरात पाय दोनदा लचकला आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, तारीख घ्या. मी घेतली नाही. डिसेंबरात एकदाही लचकला नाही, पण आम्ही ते बोलून दाखवलं नाही.

जानेवारीत डॉक्टरांनी दोन्ही पायांची ताकद मोजली, उड्या मारायला लावल्या, डोळे मिटून उभं केलं. बंध अजून ढिलाच होता, पाऊल ओढलं की सरकत होतं. पण आता पाय वेळेवर सावरत होता. ते म्हणाले, सध्या ऑपरेशन नको. पट्टा सोडू नका, व्यायाम सोडू नका, ओझं हळूहळू वाढवा. परत दगा दिला तर या.

कडूबानं विचारलं, देणार न्हाई याची खात्री काय? डॉक्टर म्हणाले, खात्री मी देऊ शकत नाही.

हेच वाक्य घेऊन तो महिन्यानं बाजारात आला. तुरीचे दिवस होते. लहान कट्ट्यांचा ट्रक होता, तीस-तीस किलोचे. त्यानं बूट घातले, लेस आवळली आणि सगळ्या टोळीला सांगितलं, मी सगळ्यात शेवटी चढीन. माझ्या मागं कुणी यायचं न्हाई. बद्रीनाथ हो म्हणाला. माणसं चढू लागली, एक, दोन, तीन. कडूबा कट्टा घेऊन फळीपाशी आला आणि तिथंच थबकला. मी काटा सोडून पुढं झालो, पण शिवी तोंडातून फुटेना.

तेवढ्यात भारत आला. त्याचं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. त्यानं पाठीवर कट्टा घेतला आणि कडूबाच्या मागं येऊन उभा राहिला. कडूबा वाकलेला, त्याला मान वळवता येईना. मागं कोण आहे, त्यानं विचारलं.

"मी हाय, भारत. चल, फळीवर थांबायचं नसतं."

कडूबानं डावा पाय फळीवर टाकला.