सुईच्या थेंबावरचा रिपोर्ट

बोम्मसंद्राच्या हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजिस्ट आहे. एका कापडदुकानदाराच्या बायकोच्या मानेतली अख्खी गाठ काढून माझ्याकडे आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट या लहान पांढऱ्या पेशींच्या गर्दीत मधूनच दोन केंद्रकांची एखादी राक्षसी पेशी घुबडासारखी रोखून बघत होती. पेशी ओळखायच्या खास रंगांनीही दुजोरा दिला. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, वेळेत औषधं दिली तर बहुतेकदा बरा होणारा.

नवऱ्याने जुन्या रिपोर्टाची झेरॉक्स पुढे केली. लॅबचं नाव त्यात कापलं गेलं होतं. गाठीत सुई घालून ओढलेल्या थेंबावर कुणीतरी लिहिलं होतं: नॉन-हॉजकिन, संथ प्रकार. म्हणजे त्याच ग्रंथींचा वेगळा कॅन्सर. आक्रमक प्रकारावर लगेच औषधं सुरू करतात. संथ प्रकारात त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. तसंच आठ महिने ठेवलं. आता छातीतही गाठी होत्या.

मला शिसारी आली. त्या मोठ्या पेशी मुळातच मोजक्या असतात. थेंबात दिसल्या नाहीत म्हणजे नाहीतच? अख्खी गाठ मागायला काय झालं होतं या माणसाला?

"संथ आहे म्हणाले, म्हणून आम्ही देवीला नारळ फोडला, सर," नवरा म्हणाला.

सर्जापूर रोडच्या एका लॅबमध्ये मी आठवड्यातून एकदा जाऊन न बघता रिपोर्टांवर ढिगाने सह्या करायचो. मी झेरॉक्सचं पान उलटलं. सही माझीच होती.