साडेएकोणसाठ

ओडिशातल्या टिटलागडच्या शाळेत दुपारचं जेवण रांधणारी कुंतला अडतिसाव्या वर्षी बी.ए.च्या परीक्षा देत होती. पुढे बी.एड. करून त्याच शाळेत शिकवायला उभं राहायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. बी.एड.ला एकूण पन्नास टक्के लागत. तिचे बारापैकी आठ पेपर झाले होते आणि मार्क होते तीनशे बासष्ट. म्हणजे सव्वापंचेचाळीस टक्के.

अभ्यासकेंद्रातले कारकून दिबाकरबाबू तिला अपा, म्हणजे ताई, म्हणत. पान चघळत ते म्हणाले, "अपा, पंचेचाळीस आहेत ना? उरलेल्यांत पंचावन्न-पंचावन्न काढा. सरासरी पन्नास. सोपं आहे."

कुंतलाने त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला.

"बाबू, झालेत आठ, उरलेत चार. दोन्ही सारखे कसे धरता? बाराशेचे निम्मे सहाशे. त्यातून तीनशे बासष्ट गेले, राहिले दोनशे अडतीस. चार पेपरांत. म्हणजे साडेएकोणसाठ."

बाबूंनी आकडेमोड दोनदा तपासली. मग खुर्चीत रेलले. "मग तर सोडाच. आजवर तुम्हाला त्रेपन्नच्या वर कधी पडलेत?"

"नाही पडले."

"मग?"

"मग आता पडतील. तुमच्या पंचावन्नवर विसंबले असते तर साडेअठ्ठेचाळीसवर अडकले असते. आकडा खरा कळला, बास."

घरी नवरा सुदर्शन पाण्यात आंबवलेल्या पखाळभाताचं ताट पुढे ओढत म्हणाला, "पण हे तर आणखी अवघड झालं."

"अवघड आधीपासूनच होतं. बाबूंना दिसत नव्हतं, एवढंच."

पहाटे चूल पेटवायच्या आधी ती वाचायची. डाळ शिजेपर्यंत उत्तरं तोंडाने म्हणायची. भाजी चिरणाऱ्या बायका हसायच्या; ती आणखी मोठ्याने म्हणायची.

उरलेल्या चारांपैकी पहिल्या दोन पेपरांचे निकाल लागले. राज्यशास्त्रात एकसष्ट, इतिहासात जेमतेम पन्नास.

"झालं," दिबाकरबाबू म्हणाले, "आता दोनच उरले, आणि लागतात एकशे सत्तावीस. साडेत्रेसष्टची सरासरी! अपा, स्वयंपाक काय वाईट आहे?"

"वाईट कुठे आहे? तोही करते. पण माझ्या हिशेबात तुम्ही तो कशाला घालता?"

इतिहासात का मार खाल्ला, हे तिने शोधलं. उत्तरं लांबत गेली होती आणि शेवटचा प्रश्न लिहायचा राहून गेला होता. पुढचे दोन महिने तिने शाळेच्या घड्याळासमोर बसून वेळ लावून लिहिलं. बोटाला घट्टा पडला.

निकालाच्या दिवशी ती हळदीच्या हातानेच केंद्रावर आली. ओडियात सहासष्ट. शिक्षणशास्त्रात बासष्ट.

बाबूंनी यंत्रावर बेरीज केली, मग पुन्हा केली. सहाशे एक.

"जेमतेम एका मार्काने, अपा."

"जेमतेम कसलं? एक तर जादाच आलाय," कुंतला म्हणाली. "बी.एड.चा फॉर्म काढा. आणि शिक्का नीट उमटू द्या."

बाबूंनी खण उघडला.