एकाच नावाच्या आम्ही दोघी

माझं नाव इथं लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, आमच्या जिल्ह्यात दर चार घरांआड ते नाव सापडतं. माझ्या सासरी तर ते माझ्याआधीच येऊन बसलं होतं. थोरल्या जाऊबाईंचं नाव तेच.

एका घरात एका नावाच्या दोन सुना नकोत, हाक मारली की दोघी धावतील, असं म्हणून लग्नात माझं नाव बदललं. ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं तेवीस वर्षं वापरलेलं नाव त्या दिवशी जाऊबाईंच्या एकटीच्या मालकीचं झालं. त्यांनी ते मागितलं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण परत तरी कुठं दिलं?

जाऊबाई पुण्यात नोकरी करतात. दिवाळीला आणि यात्रेला सासरच्या गावी, तेरला येतात, येताना सासूबाईंना भारी पातळ आणतात आणि दोन दिवस लाड करून घेऊन जातात. मी धाराशिवात राहते, ब्लाऊज शिवते. तेर काही लांब नाही, त्यामुळं गुडघे दुखले की मी, म्हशीला वैरण संपली की मी, रेशनला अंगठा उठत नाही म्हणून मी. पण शेजारीपाजारी बसलं की सासूबाईंच्या तोंडी कोण? "माझी पुण्याची सून!" पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. माझ्या पोटात दुखायचं आणि मी ते कधी लपवलंही नाही. नवरा म्हणायचा, "किती जळशील?" मी म्हणायचे, "विझवायला कुणी येतंय का बघते."

सासूबाईंना मोठ्या पडद्याचा फोनही जाऊबाईंनीच आणला. गाव कौतुकानं बघून गेलं. त्यात नंबर भरायचं काम मात्र माझ्या नवऱ्याकडं आलं. त्यानं आपल्या फोनातले घरचे, गावातले सगळे नंबर जसेच्या तसे तिकडं पाठवले आणि मोकळा झाला. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण बटण दाबून धरलं की फोन मराठीत ऐकतो, हे कळल्यावर त्या त्याच्याशी शेजारणीशी बोलावं तशा बोलू लागल्या. अमक्याला मेसेज कर म्हटलं की तो काय लिहायचं ते विचारायचा, बोललेलं वाचून दाखवायचा आणि हो म्हटल्यावरच पाठवायचा. मी दुपारी शिलाईला बसते तेव्हा फोन उचलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी मला त्यांनी मेसेज असा कधी केला नव्हता. जाऊबाईंना करायच्या. यात्रेला आल्या तेव्हा त्यांनी ते मला वाचून दाखवले होते. वाचून दाखवायची काय गरज होती, हे मला अजून कळलेलं नाही.

तर एका दुपारी मशीनवर असताना माझा फोन वाजला. सासूबाईंचा मेसेज. सुरुवातीलाच माझं नाव. म्हणजे माझं माहेरचं. म्हणजे जाऊबाईंचं. पुढं होतं: "दवाखान्याचा फोन आला, डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं. तू ये. तू जवळ असलीस की मला भीती वाटत नाही."

मी दोनदा वाचलं. त्या घरात मला त्या नावानं कुणी हाक मारत नाही, सासूबाई तर नाहीच. मग हे पत्र कुणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको. बोलल्या असतील जाऊबाईंचं नाव घेऊन, आणि फोनात त्या नावाच्या आम्ही दोघी. यंत्रानं एक उचललं आणि धाडून दिलं. नाहीतर सासूबाईंचं बोट अंधुक डोळ्यांनी भलत्या ओळीवर पडलं असेल.

तू जवळ असलीस की भीती वाटत नाही! दवाखान्यात नंबर कुणी लावला? मी. साखर तपासायला रिक्षानं कुणी नेलं? मी. डॉक्टरांनी थेंब कसे टाकायचे ते कुणाला समजावलं? मला. आणि धीर यायचा तो पुण्याहून. अंगाचा नुसता तिळपापड झाला. समोरच्या ब्लाऊजचा गळा मी उलटा जोडला आणि सगळी शिवण उसवत बसले.

साधं सासूबाईंना विचारायचं होतं. पण विचारायचं काय? हे माझ्यासाठी नाही ना, असं? आणि त्यांनी "न्हाय गं, तिला हाय ते" म्हटलं असतं तर मी कुठं तोंड लपवलं असतं? त्यापेक्षा मीच जाऊबाईंना फोन लावला.

"ताई, आईंचा मेसेज चुकून माझ्याकडं आलाय. तुमचा आहे." आणि मी तो वाचून दाखवला. शेवटचं वाक्य जरा भराभर वाचलं.

जाऊबाई म्हणाल्या, "असं म्हणाल्या आई? परत वाच."

मी परत वाचलं. त्यांचा आवाज भरून आला होता आणि त्याचा मला राग आला.

"येते मी," त्या म्हणाल्या. "रजा नाहीये, पण काढते. एवढं म्हणतायत तर."

सोमवारी सकाळी नवरा आईला तेरहून घेऊन आला. मी डबा, थर्मास, जुनं मऊ धोतर फाडून केलेले फडके, सगळं घेऊन दवाखान्यात पोचले. डबा तर मलाच करायचा होता, धीर कुणीही देवो. जाऊबाई रात्रीच्या गाडीनं येऊन थेट तिथं आल्या होत्या. केस विंचरायलाही वेळ मिळाला नव्हता, तरी माझ्यापेक्षा नीटनेटक्या दिसत होत्या. त्या पुढं झाल्या, बाकड्यावर सासूबाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आई, आले मी."

सासूबाईंनी चेहरा जवळ नेऊन बघितलं. "थोरली का? तू कशाला आलीस गं एवढ्या लांबून? तुझी नोकरी हाय की."

"तुम्हीच बोलावलं ना."

"म्या? म्या हिला बोलावलं." आणि त्यांनी मान वळवून मला शोधलं. "कुठं हाय ती? बोलावलं तर एका शब्दानं उत्तर न्हाय. म्हटलं येती का न्हाय."

माझ्या हातात थर्मास होता, तो मी उगाच उघडला आणि परत लावला. जाऊबाईंनी सासूबाईंचा हात सोडला नव्हता, पण आता तो कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

"पण आई, नाव तर ताईंचं होतं," मी म्हणाले. "फोनची चूक झाली असेल. त्यानं मनानंच..."

"त्याची कशाची चूक? ते मनानं काय करत न्हाय." सासूबाई बाकड्यावर मांडी घालून बसल्या. कुणी फोनाला नावं ठेवलेली त्यांना खपत नाही. "आदी तुझं इथलं नाव घेतलं म्या. तर म्हणतंय, ह्या नावाचं कुणी न्हाय. दोनदा बोलले. न्हायच म्हणतंय. मग म्हटलं, तुझं खरं नाव घेऊन बघावं."

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. साखरपुडा झाला तेव्हा त्यानं माझा नंबर माहेरच्या नावानं, माहेरच्या आडनावानं घेतला होता. पुढं तांदळात दुसरं नाव लिहिलं, पण फोनात बदलायचा त्यानं कंटाळा केला. तोच नंबर तसाच आईच्या फोनात गेला होता.

"तर ते इचारतंय, कोणती?" सासूबाई म्हणाल्या. "चार जणी हायत म्हणं. एकेकीचं नाव वाचून दाखिवलं. एक पुण्याची. एक अंगणवाडीची. एक शेवया करती ती. अन् एक तुझ्या बापाच्या आडनावाची. म्या म्हटलं, तीच. आडनाव घेऊन सांगितलं, मेसेजात बी तेच नाव बोलले. परत वाचून दाखिवलं, पाठवू का म्हणालं, तवा म्या हो म्हटलं. डोळे गेल्यात माझे, कान न्हाय गेले."

म्हणजे त्यांनी आधी पुण्याचं नाव ऐकलं होतं. ते सोडून, आणखी दोन ऐकून, माझ्या वडिलांचं आडनाव येईपर्यंत त्या थांबल्या होत्या. लग्नानंतर त्या घरात ते आडनाव कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही. मला वाटायचं, त्यांना ते माहीतही नसेल.

मी जाऊबाईंकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चांगलं ओळखत होते, इतकी वर्षं आरशात तेच बघत आले होते. रात्रभर गाडीत बसून, रजा काढून त्या दुसरीचं बोलावणं घेऊन आल्या होत्या, आणि ते त्यांच्या हातात मीच दिलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी आनंद झाला, लई आनंद. वाईट नंतर वाटलं, आणि तेही थोडंच.

"मला तर तुम्ही असं कधी लिहिलं नाही, आई," जाऊबाई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण हसू काही जमलं नाही.

"तुला कशाला भीतीचं सांगायचं? लांब असती तू, उगा जिवाला घोर." सासूबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. "आलीस ते बरं केलंस. बस."

तेवढ्यात नर्सनं आत बोलावलं. सोबत एकीलाच येता येईल म्हणाली. सासूबाईंनी हात पुढं केला, आणि तो कुणापुढं केलाय, हे या वेळी विचारायची गरज कुणालाच पडली नाही. जाऊबाईंनी डब्याची पिशवी उचलून माझ्या खांद्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आम्ही आईंना माझ्या घरी आणलं. जाऊबाई पुण्याला जायच्या तयारीत होत्या, मी सासूबाईंना थेंब टाकत होते. फोन उशाला होता. मी म्हणाले, "आई, माझं इथलं नाव घालून देते ह्यात. म्हणजे तुम्हाला चार जणींची नावं ऐकत बसायला नको."

"नगं," त्या डोळे मिटून म्हणाल्या. थेंब कानाकडं ओघळला, तो मी पुसला. "राहू दे तसंच. त्यानं इचारलं की मला सांगाय येतं, तीच म्हणून."

जाऊबाई दारात चप्पल घालत होत्या. त्यांनी ते ऐकलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि डोळ्यात दुसरा थेंब टाकला.